कट झटका देतो तेव्हा

*मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. शॉट नुसते एकापुढे एक लावले की प्रत्येक जोडावर झटका बसतो, म्हणून मी सगळ्या क्लिप निवडून Shift+D दाबते आणि सगळीकडे Cross Dissolve टाकते. मधूनमधून वाइप आणि झूमचे इफेक्टही घालते. पण बघणारे म्हणतात, फिल्म धूसर आणि संथ वाटते. आता एका मोठ्या लग्नाचं काम आलंय. ४५ मिनिटांची फिल्म आणि ४ मिनिटांचा हायलाइट द्यायचा आहे. साधा कट कुठे चालेल, इफेक्ट कुठे ठेवू? आणि ‘इफेक्ट कमी आहेत’ असं गिऱ्हाईक म्हणालं तर काय सांगू?*
*— एक वाचक, कराड*

आधी धूसरपणाचं बोलू, कारण तो चक्क मोजता येतो. हायलाइटमधला शॉट सरासरी ३ सेकंदांचा धरा. प्रीमियरमध्ये तुम्ही सेटिंग बदललं नसेल, तर डिझॉल्व्हची लांबी साधारण १ सेकंद असते आणि ती जोडाच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी पसरते. म्हणजे प्रत्येक शॉटचा पहिला अर्धा सेकंद आधीच्या शॉटात मिसळलेला आणि शेवटचा अर्धा पुढच्या शॉटात मिसळलेला. स्वच्छ चित्र उरलं २ सेकंद. ४ मिनिटांत असे ८० शॉट बसतात. तेव्हा त्या ४ मिनिटांपैकी सव्वा मिनिटाहून जास्त वेळ पडद्यावर दोन चित्रं एकमेकांवर चढलेली असतात. बघणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, पण डोळ्यांना ते जाणवतं आणि तो ‘धूसर’ म्हणतो.

संथपणाही तिथूनच येतो. कटमध्ये नवा शॉट एका फ्रेममध्ये समोर येतो आणि नजर लगेच कामाला लागते: हे कोण, काय करतायत, कुठे बघतायत. डिझॉल्व्हमध्ये नजर थांबून राहते, आधीचं चित्र पूर्ण जाईपर्यंत. ८० वेळा असं थांबावं लागलं, तर गाणं कितीही जलद असो, फिल्म रेंगाळते.

त्यात भर म्हणजे हीच फिल्म पुढे व्हॉट्सॲपवरून फिरते. व्हिडिओ लहान करताना एक फ्रेम आणि पुढची फ्रेम यांत सारखं काय आहे हे शोधून जागा वाचवली जाते. डिझॉल्व्हमध्ये प्रत्येक फ्रेमला सगळ्या चित्राचा उजेड थोडा थोडा बदलत असतो, त्यामुळे सारखं असं फारसं सापडत नाही आणि चित्राचे चौकोन पडतात. जरीच्या साड्या, फुलांची सजावट, उडणाऱ्या अक्षता असं बारीक काम असलेल्या शॉटांवर हे सगळ्यात आधी दिसतं.

आता झटक्याकडे येऊ. कट वाईट लागतो तेव्हा त्या जोडाजवळ काहीतरी चुकलेलं असतं. एकतर दोन्ही शॉट जवळजवळ सारखे असतात, किंवा कट हालचालीच्या चुकीच्या क्षणी पडलेला असतो, किंवा चित्राबरोबर आवाजही तिथेच तुटलेला असतो. डिझॉल्व्ह टाकला की चूक झाकली जाते, पण जात नाही. तुमच्या हातातल्या लग्नात हे तिन्ही प्रकार एकाच ठिकाणी हमखास भेटतील. ते ठिकाण म्हणजे अंतरपाट. तोच घेऊन बसू या.

समजा दोन कॅमेरे आहेत. पहिला स्टँडवर, स्टेजच्या समोर. त्यात डावीकडे नवरी, उजवीकडे नवरा, मध्ये अंतरपाट, आजूबाजूला मामा, करवल्या, भटजी. दुसरा हातात, तो चेहरे आणि हात टिपतोय. दोन्हींचं फुटेज सेकंदाला २५ फ्रेमचं आहे. मंगलाष्टकं दहा-बारा मिनिटं चालली आणि तुम्हाला ती फिल्ममध्ये दोन मिनिटांत बसवायची आहेत.

पहिली अडचण नवरीच्या चेहऱ्याची. दुसऱ्या कॅमेऱ्याने तिचा क्लोज-अप बराच वेळ धरून ठेवलाय. त्यातला सुरुवातीचा तुकडा चांगला आहे, कारण ती मान खाली घालून उभी आहे. अर्ध्या मिनिटानंतरचाही चांगला आहे, कारण करवलीने कानात काहीतरी सांगितलं आणि ती हसली. मधला भाग काढून हे दोन तुकडे जोडले की चेहरा जागच्या जागी टुणकन उडतो. मुंडावळ्या एका फ्रेममध्ये इकडे, दुसऱ्या फ्रेममध्ये तिकडे. इथे तुम्ही डिझॉल्व्ह टाकत असणार. तो टाकून फ्रेम-फ्रेम पुढे जा आणि बरोबर मध्यावर थांबा. नवरीला चार डोळे दिसतील. लग्नाच्या फिल्ममध्ये नवरीचा चेहरा असा दिसू देणं मला तरी सहन होत नाही.

उपाय असा की, सारखे शॉट एकमेकांना लावायचेच नाहीत. कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी बदललेला हवा किंवा शॉटचा आकार डोळ्यात भरेल इतका बदललेला हवा, हा एडिटिंगमधला जुना आडाखा आहे आणि तो खरा आहे. म्हणून मान खाली घातलेली नवरी, मग अक्षता घट्ट धरलेली एखाद्या आजींची मूठ, मग हसणारी नवरी. मूठ दीड सेकंद दिसली तरी पुरते. तेवढ्यात बघणारा मधला अर्धा मिनिट विसरून जातो.

मुठीचा शॉट नसेलच, तर फुटेज ४के आहे का ते बघा. टाइमलाइन १९२० बाय १०८० ची असेल, तर ४के क्लिप तिच्यात बसवायला ५० टक्के स्केल लागतं आणि १०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी चित्र फाटत नाही. म्हणजे एकाच शॉटातून कमरेपर्यंतची नवरी आणि नुसता चेहरा असे दोन शॉट निघतात. मात्र आकार बदलायचा तर धीटपणे बदला. ५० चं ५५ केलंत तर झटका आणखी वाईट दिसेल, कारण बघणाऱ्याला तो शॉट बदलल्यासारखा वाटत नाही, कॅमेऱ्याला धक्का लागल्यासारखा वाटतो. ७५-८० पर्यंत न्या.

दुसरी अडचण अंतरपाट दूर होण्याची. अख्ख्या लग्नात बघणारे ज्या एका क्षणासाठी श्वास धरतात तो हाच, आणि तुमच्या पद्धतीत नेमका हाच मारला जातो. स्टँडवरच्या कॅमेऱ्यात कापड हलायला लागतं ती शून्य फ्रेम धरा. भटजींनी झटक्यात ओढलं तर साधारण २० ते २५ फ्रेममध्ये ते बाजूला होतं. बरेच जण कापड पूर्ण बाजूला होऊ देतात आणि मग नवरीच्या चेहऱ्यावर जातात. तोपर्यंत पडद्यावरची हालचाल थांबलेली असते, सगळं स्थिर झालेलं असतं, आणि त्या स्थिर चित्रावर कट आदळतो. झटका बसतो तो यामुळे. त्यावर डिझॉल्व्ह टाकला की तिची पहिली नजर अर्ध्या सेकंदाच्या धुक्यात निघून जाते. ती नजर दोन-तीन फ्रेमची असते आणि परत येत नाही.

कट हालचालीच्या पोटात घ्या. कापड हलायला लागल्यावर सातव्या-आठव्या फ्रेमला, म्हणजे एक तृतीयांश ओढलं गेल्यावर, दुसऱ्या कॅमेऱ्यावर जा, जिथे तेच कापड नवरीच्या चेहऱ्यावरून सरकतंय. बघणाऱ्याची नजर कापडाच्या कडेबरोबर धावत असते. ती त्याच दिशेने पुढच्या शॉटमध्ये जाते आणि जोड तिला दिसतच नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत कापड फ्रेमला फ्रेम जुळवायची गरज नाही. पुढचा शॉट दोन-तीन फ्रेम मागून सुरू केलात, म्हणजे कापडाची थोडी हालचाल दोनदा दिसली, तर बहुतेक वेळा ती जास्त सलग वाटते, कारण नव्या चित्रात जागा शोधायला नजरेला तेवढा वेळ लागतो. Rolling Edit चं टूल घ्या, जोड दोन फ्रेम पुढे-मागे करून बघा आणि प्रत्येक वेळी चालत्या वेगात बघा. थांबून बघितलेल्या फ्रेमवरून कट कधीच कळत नाही.

हाराचंही असंच. हात वर जायला लागले की कट, आणि पुढच्या शॉटमध्ये हार गळ्यात पडतो. अक्षतांचं तर फारच. हात मागे गेला, फेकायला सुटला, कट, पुढच्या शॉटमध्ये डोक्यावर दाणे पडतायत. या दाण्यांवर डिझॉल्व्ह टाकून कधी चांगला दिसलेला मला आठवत नाही. दोन शॉटांतले दाणे मिसळून पडद्यावर नुसती मुंग्यांची वारुळं फुटल्यासारखी दिसतात.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट सांभाळा. नवरा-नवरी समोरासमोर उभे आहेत, म्हणजे त्यांच्यामधून एक रेघ जाते असं समजा. दोन्ही कॅमेरे रेघेच्या एकाच बाजूला असतील, तर ती उजवीकडे बघते, तो डावीकडे बघतो, आणि क्लोज-अप एकापाठोपाठ लावले तरी ते एकमेकांकडे बघतायत हे कळतं. हातातला कॅमेरामन गर्दीत सरकत भटजींच्या मागे गेला, तर त्याच्या शॉटमध्ये दिशा उलटते आणि कट केल्यावर दोघंही एकाच बाजूला बघताना दिसतात. हा घोटाळा डिझॉल्व्हने सुटत नाही. शॉट आडवा उलटवायचा मोह टाळा, पदर उलट्या खांद्यावर दिसतो आणि घरचे ते पहिल्या नजरेत ओळखतात. मध्ये दिशा नसलेला शॉट घाला: वरून घेतलेले हात, कलश, समोर बघणारी मंडळी. त्यानंतर पलीकडचा शॉट चालून जातो.

तिसरी अडचण आवाजाची. झटका म्हणून जे सांगितलं जातं त्यातला बराच भाग कानाला बसलेला असतो. हे ओळखायची सोपी पद्धत आहे. आवाज बंद करून तो जोड बघा. झटका गेला, तर चित्रात काही बिघडलेलं नाही, आवाज तुटलाय. एका क्लिपमध्ये स्पीकर जवळ, दुसरीत लांब, तिसरीत कुणीतरी कॅमेऱ्याशेजारी बोलतंय. तिथे तुम्ही चित्रावर कितीही लांब डिझॉल्व्ह घाला, कानाला काहीच फरक पडत नाही.

मंगलाष्टकांना एकच आवाज खाली सलग ठेवा. साउंडवाल्याकडून थेट घेतलेला असेल तर उत्तम, नाहीतर स्टँडवरच्या कॅमेऱ्याचा. चित्र त्याच्यावर हवं तसं कापा. गाणारा आवाज तुटत नाही तोपर्यंत बघणाऱ्याला सगळं एकाच वेळी, एकाच मांडवात घडतंय असं वाटत राहतं. दहा मिनिटांची दोन मिनिटं करताना आवाजही कापावा लागणारच. तो ओळीच्या मध्ये कापू नका. कडवं संपून ‘सावधान’ झालं की अक्षतांचा गलका होतो, त्या गलक्यात कापा. तिथे सूर नसतो, त्यामुळे जोड लपतो. आवाजाच्या जोडावर दोन-तीन फ्रेमचा Constant Power टाका, म्हणजे ‘टक्’ असा जो बारीक आवाज येतो तो जाईल. ऑडिओवर अशी छोटी ट्रान्झिशनं कितीही टाका, त्यांना माझी काही हरकत नाही.

एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना आवाज थोडा आधी येऊ द्या. वधूच्या खोलीत तयारी चाललीय, चित्र अजून आरशावर आहे आणि बाहेरची सनई अर्धा-पाऊण सेकंद आधी सुरू झाली, मग कट होऊन दारातला नवरा दिसला. इथे डिझॉल्व्ह हवासा वाटतो, पण सनईनेच हात धरून पलीकडे नेलेलं असतं. प्रीमियरमध्ये Alt धरून क्लिपची नुसती चित्राची किंवा नुसती आवाजाची कड ओढली की दोन्ही वेगळ्या जागी कापता येतात.

रंगाचं थोडक्यात सांगते. एका कॅमेऱ्यात मांडव पिवळा, दुसऱ्यात निळसर असेल, तर कितीही चांगल्या जागी कापलंत तरी कट ओरडतो. कट ठरवायच्या आधी निदान व्हाइट बॅलन्स आणि उजेड जवळ आणा, नाहीतर चांगले कटही वाईट समजून बदलत बसाल.

मग डिझॉल्व्ह कुठे? जिथे वेळ गेला आहे आणि तो गेल्याचं जाणवायला हवं, तिथे. मेंदीची रात्र संपते आणि पहाटे मांडवाला तोरण लागतंय. पाठवणीची गाडी वळणावर दिसेनाशी होते आणि नव्या घराच्या उंबऱ्यावर माप ठेवलेलं दिसतं. आईवडिलांच्या लग्नातला जुना फोटो येतो आणि जातो. एका प्रसंगाच्या आत मात्र डिझॉल्व्ह आला, की बघणाऱ्याला वाटतं मध्ये काही वेळ गेला. अंतरपाट आणि हार यांच्यामध्ये वेळ जात नाही. तिथे डिझॉल्व्ह टाकणं म्हणजे चुकीची माहिती देणं.

आणि जिथे टाकाल तिथे नीट टाका. १ सेकंदाचा ठोकळा सगळीकडे एकच नको. रात्र ते पहाट या जोडाला २ सेकंद, अडीच सेकंदही शोभतात. जाणाऱ्या शॉटमध्ये जिथे अंधार किंवा मोकळी जागा आहे तिथेच येणाऱ्या शॉटमधला चेहरा किंवा दिवा उगवेल अशा फ्रेम शोधा. दोन्ही शॉट स्थिर असोत किंवा दोन्ही एकाच दिशेने सावकाश सरकणारे असोत. एक डावीकडे पळतोय आणि दुसरा झूम होतोय, अशा दोघांचा डिझॉल्व्ह म्हणजे चिखल.

डिझॉल्व्हला हँडल लागतं हेही लक्षात असू द्या. २५ फ्रेमचा डिझॉल्व्ह जोडावर मधोमध बसवला, तर दोन्ही क्लिपचं कापलेल्या जागेपलीकडचं बारा-तेरा फ्रेम फुटेज वापरलं जातं. तुम्ही क्लिप अगदी विचार करून कापलेली असते, कारण त्याच्या पुढच्या फ्रेमला कॅमेरा हलला किंवा कुणीतरी आडवं आलं. सरसकट Shift+D दाबल्यावर तीच टाकून दिलेली फ्रेम अर्धपारदर्शक होऊन परत येते. तुमच्या जुन्या कामात जोडाच्या जागी चित्र किंचित थरथरताना दिसतं का, ते बघा. रेकॉर्डचं बटण दाबतानाचा तो हादरा असतो. आणि पलीकडे फुटेजच उरलं नसेल, तर प्रीमियर ‘Insufficient media. This transition will contain repeated frames.’ असं सांगतं. तो संदेश ओके करून पुढे गेलात की चित्र क्षणभर गोठतं. वाहत्या हालचालीत हे गोठणं साध्या कटपेक्षा कितीतरी जास्त खुपतं.

फिल्मच्या रिळांवर काम चालायचं तेव्हा एडिटर वर्कप्रिंटवर मेणाच्या पेन्सिलीने डिझॉल्व्हची खूण करायचे आणि तो लॅबमधून करून यायचा. त्याचे पैसे पडायचे, वेळ जायचा, निकाल लगेच दिसायचा नाही. त्यामुळे तो मागण्याआधी विचार व्हायचा. आता तो एका बोटावर आला आहे, म्हणून तो विचार आपल्यालाच करावा लागतो.

वाइपबद्दल माझं मत जरा कडक आहे. वाइपमध्ये पडद्यावरून एक कड सरकते आणि नजर त्या कडेमागे जाते, माणसांवरून उठते. चांदणी, बदाम, पान उलटणं या आकारांनी तर ती आणखी लांब जाते. पण वाइप निरुपयोगी आहे असं नाही. क्रिकेटच्या प्रक्षेपणात रिप्लेच्या आधी आणि नंतर लोगो सर्रकन जातो. तो तिथे हवाच, नाहीतर आत्ता विकेट पडली की मघाशी पडलेली पुन्हा दाखवतायत हे कळणार नाही. त्या वाइपला सांगायला काहीतरी आहे. लग्नात तशी एक जागा असते, ती म्हणजे हळद. एकाच दिवशी दोन घरांत हळद लागते. नवऱ्याच्या अंगणातून नवरीच्या अंगणात जाताना सरळ उभ्या कडेचा, १५-२० फ्रेमचा वाइप ‘आणि त्याच वेळी तिकडे’ हे छान सांगतो. दोनदा वापरा, एकदा जाताना, एकदा येताना. बाकी फिल्ममध्ये मग वाइप नको, म्हणजे हे दोन उठून दिसतील.

फुटेजमध्ये आपसूक मिळणारे वाइपही शोधा. कॅमेऱ्यासमोरून कुणी शालू नेसून गेलं आणि क्षणभर सगळा पडदा झाकला गेला, तर त्या झाकलेल्या फ्रेमवर कट करा. अंतरपाटाचं कापडही हे काम करू शकतं. याला इफेक्ट लागत नाही आणि तो मांडवातलाच असल्यामुळे उपराही वाटत नाही.

झूमच्या ट्रान्झिशनबद्दल वेगळं काय सांगू? त्यांना रिसेप्शनच्या नाचात जागा आहे, विधींमध्ये नाही. आणि इफेक्ट काढले म्हणून प्रत्येक ठोक्यावर कट मारायला लागू नका, तोही अतिरेकच होतो. ढोल-ताशाच्या तुकड्यात चार-सहा कट ठोक्यावर पडू द्या, मग एखादा शॉट दोन-तीन ठोके धरून ठेवा.

या कामाला बसताना क्रम असा ठेवा. सिक्वेन्सची प्रत करा आणि त्या प्रतीतली सगळी चित्राची ट्रान्झिशनं काढून टाका. मग आवाज बंद करून एकदा न थांबता बघा, आणि जिथे खुपेल तिथे चालत्या टाइमलाइनवर M दाबून मार्कर टाका. लगेच दुरुस्त करू नका. सगळीकडे डिझॉल्व्ह असताना वाटायचं त्यापेक्षा मार्कर बरेच कमी पडतील, कारण मांडवातून जेवणाच्या पंगतीवर, पंगतीवरून पोरांवर असे वेगवेगळे शॉट साध्या कटने आपोआप चालतात. आता एकेका मार्करवर जा आणि वरची कारणं लावून बघा: शॉट सारखे आहेत का, हालचाल थांबल्यावर कापलंय का, दिशा उलटली का, रंग वेगळा आहे का. कारण मिळालं की उपायही तिथेच असतो. मग आवाज चालू करून पुन्हा बघा आणि कानाचे झटके काढा. डिझॉल्व्ह सगळ्यात शेवटी. प्रत्येकाच्या वेळी स्वतःला विचारा, इथे किती वेळ गेला किंवा आपण कुठून कुठे आलो. उत्तर आलं नाही तर तिथे कटच राहू द्या. ४५ मिनिटांच्या लग्नाच्या फिल्मला माझ्या मते दहा-बारा डिझॉल्व्ह भरपूर झाले.

कधी कधी पर्यायच नसतो, हेही मान्य आहे. वडिलांचं भाषण एकाच कॅमेऱ्यावर आहे, मधलं वाक्य काढायचंय, फुटेज साधं एचडी आहे आणि दुसरा शॉट नाही. अशा वेळी ऐकणाऱ्यांपैकी कुणाचा तरी चेहरा शोधा, मग तो भाषणाच्या दहा मिनिटं आधीचा का असेना, तो नुसता ऐकताना दिसला की झालं. तोही नसेल, तर वाक्य काढायचा हट्ट सोडा. वडिलांना दोन डोकी फुटलेली दिसण्यापेक्षा ते जरा लांबट बोललेले बरे.

राहिलं गिऱ्हाईक. ‘इफेक्ट’ म्हणताना त्यांच्या डोळ्यासमोर काय आहे ते आधी विचारा, शक्य असेल तर त्यांना आवडलेला एखादा व्हिडिओ दाखवायला सांगा. बऱ्याचदा त्यांना हवं असतं ते स्लो मोशन, ड्रोनचा शॉट, चांगला रंग, नावांचं सुंदर टायटल. ट्रान्झिशन त्यांच्या मनातही नसतं. हे सगळं तुम्ही देऊ शकता आणि त्याने कटला धक्का लागत नाही. स्लो मोशनसाठी मात्र ५० फ्रेमचं फुटेज लागतं, ते शूटिंगच्या आधी कॅमेरामनला सांगून ठेवा. पत्रिकेपासून सुरू होणारं टायटल, प्री-वेडिंगचं गाणं, शेवटचं कोलाज, या तीन जागा सजावटीसाठी मोकळ्या सोडा आणि तिथे हात सैल सोडा. घरच्यांची हौस तिथे पुरी होते.

तरीही कुणी मांडवातल्या विधींवर बदाम मागितले, तर वाद घालू नका. मंगलाष्टकांपासून हारापर्यंतचा एकच मिनिट दोन प्रकारे करा, एक त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, एक नुसत्या कटने, आणि घरातल्या थोरांना टीव्हीवर पाठोपाठ दाखवा, मोबाइलवर नको. नाव न सांगता विचारा, कुठल्यात मुलीचा चेहरा नीट दिसला. ज्याला ते हात वर करतील ते द्या, मग ते बदामवालं निघालं तरी. मात्र हे सगळं आगाऊ रक्कम घेताना बोलून घ्या आणि किती वेळा बदल करून देणार तेही तेव्हाच लिहून ठेवा, कारण पूर्ण झालेल्या ४५ मिनिटांवर इफेक्ट चढवणं किंवा उतरवणं हे दोन दिवसांचं काम असतं आणि त्याचे पैसे नंतर मागताना अवघड जातं.